पावणेचार गुंठे

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, नकाशे काढायचं काम एकदम का सोडलंत?" तेव्हा मी डोळ्यांचं कारण दिलं. डोळे तेव्हा चांगले होते. आता खरोखरच अधू झालेत, तेव्हा लिहायला बसलो आहे.

मी जन्मभर जमिनीच्या नकाशांत नोकरी केली. आरेखक होतो. शाई, पट्टी, ट्रेसिंगचा कागद यांत तीस-पस्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन मालवणजवळ खाडीकाठच्या आमच्या गावी आलो, तेव्हा लोक आपापला सातबारा घेऊन माझ्या ओटीवर येऊ लागले. मी वाचून दाखवायचो आणि हद्द कशी असेल ते सांगायचो. मी सांगितलं की भांडण तिथेच थांबायचं. याचं मला बरं वाटत असे. जरा जास्तच वाटत असे.

आमच्या गावाला खाजण आहे. खाडीला बांध घालून पूर्वजांनी भरतीचं पाणी अडवलं आणि आत भातशेती केली. बांधात एक उघाडी आहे. ओहोटीला तिच्या फळ्या काढायच्या, आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. भरती चढायच्या आत फळ्या पुन्हा बसवायच्या. विसरलात तर खारं पाणी आत आणि त्या वर्षीचं भात गेलं. हे काम एकाच घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्या घरातला माझ्या वयाचा पुरुष शाळेत माझ्याच बाकावर बसलेला. त्याला सगळे उघाडीवालो म्हणत. पेरणीआधी उघाडीवर नारळ ठेवायचा मान त्याचा.

बांधाची डागडुजी मात्र सगळ्यांनी करायची. ज्याचं शेत जितकं, तितकी बांधाची लांबी त्याच्या वाट्याला. त्यासाठी चिखल लागतो. तो शेतातून काढला तर शेत खोल होतं, म्हणून बांधाला आतून लागून एक पट्टा सामाईक ठेवलेला. तिथूनच चिखल काढायचा, तिथे नांगर घालायचा नाही. पट्टा किती रुंद, हे कुठेही खुणा करून ठेवलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, एवढंच. उघाडीवाल्याचं शेत या पट्ट्याला चिकटून, अगदी शेवटचं.

२००९च्या पावसाळ्यात मोठ्या भरतीला त्याच्या शेतासमोरच बांध फुटला.

फुटला त्याचं खरं कारण गावाला माहीत होतं. चार-पाच वर्षं कुणी धड चिखल घातलाच नव्हता. तरणी मुलं गोव्यात, घरी म्हातारे. माझाही वाटा होता बांधात. वडिलोपार्जित शेत आहे मला. त्या वर्षी मी माणूस लावला नव्हता. पुढच्या वर्षी बघू म्हणालो होतो. पण खारं पाणी शेतात उभं असताना स्वतःकडे बोट कोण दाखवतो?

फुटलेला बांध कसाबसा बुजवला. मग ठरलं की वाटे नव्याने पाडायचे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत शेतांच्या वाटण्या झालेल्या, कुणाचं किती ते नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. शेतं मोजायची, त्याप्रमाणे बांधाची लांबी वाटून द्यायची. सरकारी मोजणीला अर्ज केला असता तर वाट बघण्यात पेरणी निघून गेली असती. तालुक्यात एक लहानशी संस्था होती, ती खाजणांचे नकाशे करायला गावांना मदत करत होती. त्यांनी हातातलं जीपीएस यंत्र दिलं, एक जुना कॉम्प्युटर दिला आणि त्यावरचा क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम शिकवायला एक बाई पाठवली. वयाने माझ्या मुलीएवढी, पण शिकवण्यात कडक.

गावकार, म्हणजे गावच्या मानकऱ्यांतले प्रमुख, म्हणाले, "आमका भायरचो माणूस कित्याक व्हयो? आमचो आरेखक आसा."

मी शिकलो. साठी उलटल्यावर माऊस धरायला शिकणं म्हणजे डाव्या हाताने जेवण्यासारखं. पण शिकलो.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. नमुन्याला माझंच शेत यंत्र घेऊन फिरून आलो, हद्द कॉम्प्युटरवर आणली, क्षेत्रफळ काढायला सांगितलं, तर उत्तर आलं शून्य. दुसरं शेत, शून्य. गावकार मागे उभे होते. ते म्हणाले, "बरा झाला. आता कोणाकच चिकोल घालूक नको."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, यंत्र जागा सांगतं ती अक्षांश-रेखांशात, म्हणजे अंशांत. तुम्ही आता अंशांना अंशांनी गुणलंत. उत्तर चौरस अंशात आलं. एवढंसं शेत चौरस अंशात मोजलं तर दशांश चिन्हानंतर सहा शून्यं येतात, ती या रकान्यात मावत नाहीत. आणि मावली तरी उपयोग नाही. अंश ही काही लांबी नव्हे. पूर्व-पश्चिम अंशाची लांबी उत्तरेला जावं तशी कमी होत जाते."

"मग काय करायचं?"

"आधी हद्द आपल्या भागाच्या मीटरच्या मापात आणायची. पृथ्वीचे पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीत आपला भाग त्रेचाळीस उत्तर या पट्ट्यात येतो. थरावर, म्हणजे हद्दीच्या या चित्रावर, उजवं बटण दाबायचं, 'सेव्ह अ‍ॅज' म्हणायचं, तिथे प्रोजेक्शन, म्हणजे नकाशाचं माप, त्रेचाळीस उत्तर निवडायचं. नवा थर तयार होईल. तो उघडायचा आणि क्षेत्रफळ त्या नव्या थराचं काढायचं. जुन्याचं नाही."

तसं केलं. माझं शेत आलं, सातबाऱ्यावर होतं जवळजवळ तेवढंच. मला इतका आनंद झाला की बायकोला हाक मारून आकडा दाखवला.

बाईंनी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. "पडद्यावर दोन थर एकमेकांवर बरोबर बसले म्हणून दोघांचं माप एकच आहे असं समजू नका. क्यूजीआयएस दाखवताना सगळे थर जुळवून घेतं. ते फक्त दाखवण्यापुरतं. क्षेत्रफळ मात्र प्रत्येक थराच्या स्वतःच्या मापात निघतं. दर थराचं प्रोजेक्शन तपासायचं."

मी मान हलवली. ऐकलं होतं, असं आज म्हणू शकतो.

भात कापणी त्या वर्षी नव्हतीच, त्यामुळे थंडीत शेतं मोकळी होती. यंत्र घेऊन एकेका शेताच्या मेरेवरून, म्हणजे हद्दीच्या छोट्या बांधावरून, मी फिरलो. मालक बरोबर असायचा, शेजारचा मालक मेरेच्या पलीकडे असायचा, दोघांची तोंडं एकमेकांवर चालू असायची. शेतं सातबाऱ्याशी जुळत गेली. हातातलं यंत्र काही मीटर इकडेतिकडे करतं, त्यामुळे कुठे अर्धा गुंठा कमी, कुठे गुंठाभर जास्त. तेवढं चालतं. प्रत्येक शेत जुळलं की माझी छाती जरा पुढे येत होती.

शेवटी राहिलं उघाडीवाल्याचं. बुजवलेला बांध अजून पाझरत होता, त्यामुळे त्याच्या शेतात पाणी आणि चिखल. तो आत उतरून मधोमध उभा राहिला, लुंगी वर खोचून. मी मेरेवर.

"ये रे," तो म्हणाला. "गुडग्याभरच आसा."

"माझे गुडघे तुझ्यासारखे नाहीत."

"मेल्या, खुर्चीत बसान बसान तुजे गुडघे सरकारजमा झाले. दी तां यंत्र माज्याकडे. मी फिरान येतंय."

"ते तुला जमणार नाही. दर कोपऱ्यावर थांबून बटण दाबावं लागतं."

"चार कोपरे आसत. चारदा बटण दाबूक काय मॅट्रिक व्हया?"

मी यंत्र दिलं नाही. यंत्र संस्थेचं आहे, चिखलात पडलं तर मी जबाबदार, असं सांगितलं. खरं म्हणजे ते यंत्र त्याच्या हातात बघणं मला नको होतं. तो कोपऱ्याकोपऱ्यावर गेला, हात वर करून उभा राहिला, "हयसून थंय, थंयसून हय," असं दाखवलं आणि चिखल झाडत बाहेर आला. मी म्हणालो, "तुझं शेत मी घरी बसून काढतो. उपग्रहाच्या चित्रात दिसतं सगळं."

"उपग्रहाक चिकोल लागना नाय, नाय काय?" तो म्हणाला आणि बिडी पेटवली.

घरी येऊन मी क्यूजीआयएसमध्ये इंटरनेटवरचं उपग्रहाचं चित्र मागे लावलं. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे चहा करून यावा तेव्हा चित्राचा एक तुकडा उतरलेला असायचा. पण शेत दिसत होतं. मेरा दिसत होत्या. बांधाच्या बाजूला रंग थोडा मळकट होता, तिथे शेत कुठे संपतं ते अंदाजाने धरलं. नवा थर केला आणि चित्रावरून शेताची हद्द गिरवली. बाकीच्या शेतांच्या थरावर ती बरोबर बसली. शेजारच्या शेताची मेर आणि याची मेर, एका रेषेत.

क्षेत्रफळ काढलं. सातबाऱ्यावर बेचाळीस गुंठे. इथे आले पावणेसेहेचाळीस.

आज कुणालाही सांगतो की तिथेच थांबायला हवं होतं. मी गिरवलेला थर चित्राच्या मापात तयार झाला होता. इंटरनेटवरचे ते नकाशे सगळी पृथ्वी एका चौकोनात बसवण्यासाठी केलेले असतात. त्यांचं मापही मीटरच म्हणवतं, पण विषुववृत्तापासून दूर जावं तसे ते मीटर ताणले जातात. आमच्या अक्षांशावर क्षेत्रफळ शंभराला जवळजवळ नऊने फुगतं. अंशांत असतं तर शून्य आलं असतं आणि मी जागा झालो असतो. आकडा मीटरमध्ये आला, चांगला भरदार आला, म्हणून मी फसलो. मीटरमध्येच आहे, मग त्रेचाळीस उत्तरमध्ये पुन्हा कशाला आणायचं, असा विचारसुद्धा मी केला नाही. त्या थराचं प्रोजेक्शन उघडून बघितलं नाही. पडद्यावर जुळलं होतं ना.

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाच्या हातून होते. पुढे मी जे केलं, त्याला चूक म्हणत नाही.

गावासाठी तक्ता करायचा होता. प्रत्येक शेतापुढे सातबाऱ्याचा आकडा, मोजणीचा आकडा आणि शेरा. बाकीच्यांपुढे मी 'जुळते' लिहिलं. याच्यापुढे लिहिलं, 'पावणेचार गुंठे जास्त. वाढ बांधालगतच्या सामाईक पट्ट्यातून झाल्याचे दिसते.' झाल्याचे दिसते. काय दिसलं होतं मला? मी तिथे उतरलोही नव्हतो. पण बाकी सगळी शेतं जुळली होती, हेच एक जुळत नव्हतं. मोजणारा मीच, मग खोट मालकात असणार. नोकरीत असले शेरे मी शेकड्याने लिहिले होते. पेन आपोआप तिकडे वळलं.

देवळाच्या मांडात, गाव जमतो त्या मंडपात, बैठक झाली. गावकारांनी तक्ता मोठ्याने वाचायला सांगितला. मी वाचला. त्याच्या शेऱ्याशी आलो तेव्हा तो इतरांपेक्षा जरा सावकाश वाचला. हे मला आठवतं, विसरायचा प्रयत्न करूनही.

मागून एकजण म्हणाला, "म्हणान बांद फुटलो तर."

"पट्टो खाल्ल्यान. चिकोल खंयसून मेळतलो?"

"उघाडी सांभाळूक दिली तर पट्टोच सांभाळल्यान."

मांडभर हसू उठलं. सुटल्यासारखं हसू होतं ते. बांध कुणामुळे फुटला याचं उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर आपण नव्हतो.

उघाडीवालो उभा राहिला. "मी पट्ट्यात नांगर घातलेलो कोणी बगलो?"

कुणी बघितलेलं नव्हतं. गावकार म्हणाले, "बगूक कशाक व्हया? मोजणी सांगता."

"मोजणी?" तो माझ्याकडे वळला. "तू माज्या शेतात पाय तरी ठेवलंस?"

मी म्हणालो, "त्याची गरज नसते. उपग्रहाच्या चित्रावरून काढलंय." मांडात मी प्रमाण मराठीत बोलत होतो, कचेरीत बोलतात तशी.

"मगे सरकारी मोजणी करूया. सायबाक येवंदे, साखळी घालूंदे. मी भरतंय काय ता."

हे त्याने म्हटलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघू लागले. एवढंच म्हणायचं होतं मला, की हो, करूया, एकदा खात्री करून घेऊ. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो होतो. पण माझी मोजणी पुन्हा कुणी मोजणार, गावासमोर, आणि तीही याच्या सांगण्यावरून, हे मला सोसेना. मी तक्त्याची घडी घातली आणि म्हणालो, "करायची तर करा. पण मी तीच नोकरी करून आलोय."

"झाला तर," गावकार म्हणाले. "आमचो माणूस खोटा कशाक सांगात?"

ठरलं ते असं. त्याच्या शेताच्या बांधाकडच्या बाजूने पावणेचार गुंठ्यांचा पट्टा काढून सामाईकात घ्यायचा. माझ्या आकड्यांवरून रुंदी निघाली पाच मीटर. आणि उघाडीचं काम त्या घराकडून काढून घ्यायचं. नारळाचा मान त्याबरोबर गेला.

पट्टा आखायला मीच गेलो. तेव्हा पाणी ओसरलं होतं, शेत सुकलं होतं, गुडघ्यांचा प्रश्न नव्हता. दोरी लावली. खणायला चौघेजण होते. तो मेरेवर उकिडवा बसून बघत होता. त्याची बायको घरातून आली, पदर खोचलेला, आणि दोरीकडे बघत मला म्हणाली, "भावजी, ह्या जाग्यार माज्या सासऱ्यान आंगान माती घातलेली. भाताच्या रोपांची, तरव्याची जागा ही आमची. ह्यो पट्टो कसो?"

"वयनी, आकडे तसे आहेत," मी म्हणालो.

"आकड्यांका काय," ती म्हणाली. "त्यांका थोडीच जेवूक लागता." आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा हो. हय बसान काय करतास?"

तो उठला नाही. चौघांनी काळी माती उपसली आणि बांधावर चढवली. चांगली माती होती. बांध त्या वर्षी पक्का झाला, हे खरं आहे, आणि त्याचं श्रेय मला देण्यात आलं.

संस्थेच्या बाई पुन्हा आल्या त्या पेरणीच्या थोडं आधी. त्यांना गावाचा एकच नकाशा हवा होता, सगळी शेतं एका थरात. मी थर जोडायचं साधन वापरून सगळे एकत्र केले आणि पूर्ण नकाशा दाखवायला सांगितलं. पडद्यावर काहीच दिसेना. मग बाईंनी बोट ठेवलं. पडद्याच्या डाव्या कडेला एक ठिपका होता, त्यात आमचं सगळं खाजण. उजव्या कडेला, मध्ये सगळी पांढरी मोकळी जागा सोडून, आणखी एक ठिपका. मी त्यावर जवळ गेलो. त्याचं शेत.

"काका, हे एक शेत एवढं लांब कसं गेलं?" बाई म्हणाल्या. "जोडताना थर आपोआप बदलत नाहीत, आकडे जसेच्या तसे येतात. याचं प्रोजेक्शन वेगळं असणार. इंटरनेटच्या चित्रावर काढलंत का हे?"

"हो."

"मग ते आधी त्रेचाळीस उत्तरमध्ये आणायचं राहिलं. याचं क्षेत्रफळ कुठे वापरलं नाहीत ना?"

मी म्हणालो, "नाही. नुसतं नकाशापुरतं होतं."

त्या दुसऱ्या गावी जाणार होत्या, गेल्या. मी दार लोटून घेतलं. त्या थराचं प्रोजेक्शन बघितलं. मग उजवं बटण, सेव्ह अ‍ॅज, त्रेचाळीस उत्तर. नवा थर उघडला. क्षेत्रफळ काढलं. बेचाळीस गुंठे आले, वर हातरुमालाएवढी जागा. मी पुन्हा काढलं. पुन्हा तेवढेच. बापजाद्यांनी नांगर जिथे थांबवला होता तिथेच त्यानेही थांबवला होता. मेर एक वीतही पुढे सरकली नव्हती. आता मात्र त्याच्याकडे अडतीस गुंठ्यांच्या आसपास उरले होते, आणि ते माझ्यामुळे.

मी काय केलं ते लिहितो. अंतिम नकाशात त्याच्या शेतात मी बेचाळीस हा आकडा घातला. शेरा काढून टाकला. नकाशा छापून आला, मांडात भिंतीवर लागला, आणि मी कुणालाही काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, आकडा दुरुस्त केला, कुणी वाचेल, विचारील, तेव्हा सांगू. भिंतीवरचा नकाशा कोण वाचतो? लोकांनी त्यावर स्वतःचं शेत शोधलं, बोट ठेवलं, आणि निघून गेले. तो मांडात यायचा बंद झाला होता.

गावकारांना सांगायचं एकदा जवळजवळ ठरवलं होतं. त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. म्हणालो, "त्या उघाडीवाल्याच्या मोजणीत थोडं काही..." त्यांनी पानाला चुना लावता लावता माझ्याकडे न बघता विचारलं, "थोडा म्हंजे किती?" मी उत्तर द्यायच्या आत ते पुढे म्हणाले, "गाव आत्ता खंय गप झालो हा. तो पट्टो परत दिलो तर लोक विचारतले, मगे बांद कोणामुळे फुटलो? तुजो वाटो घातलेलंस तू त्या वर्सा?"

मी नव्हता घातला. ते त्यांना माहीत होतं. मी चहा घेतला आणि घरी आलो.

हे सगळं गावकारांवर ढकलणं सोपं आहे. पण त्यांनी मला थांबवलं नाही. मी थांबायला कारण शोधत होतो आणि त्यांनी ते दिलं.

त्या पावसाळ्यात उघाडी दुसऱ्याकडे होती. नारळ दुसऱ्याने ठेवला. तो मला वाटेत भेटला तर तोंड फिरवायचा नाही, हेच वाईट होतं. "काय रे, बरो मा?" एवढं विचारायचा आणि पुढे जायचा. ते शेत त्याने त्या वर्षी पेरलं नाही. दिवाळीच्या आधी तो आणि त्याची बायको मुलीकडे शिरोड्याला गेली. जावयाची होडी होती, हाताखाली माणूस लागतोच. जन्मभर खारं पाणी बाहेर ठेवणारा माणूस म्हातारपणी होडीवर गेला. घराला कुलूप लागलं.

मी तेव्हाच नकाशांचं काम सोडलं. यंत्र आणि कॉम्प्युटर संस्थेला परत केला. बाईंना सांगितलं, डोळे दुखतात.

शिरोड्याला मी गेलो, लगेचच, त्याच हिवाळ्यात. पिशवीत नकाशाची एक प्रत घेतली होती. मालवणहून वेंगुर्ल्याची एस.टी. आणि तिथून दुसरी. तो किनाऱ्यावर माडांच्या सावलीत जाळं विणत होता. मला बघून उठला नाही, पण बाजूला सरकून जागा केली.

"ये. वाट चुकलंस काय?"

"इकडे काम होतं," मी म्हणालो.

"तुजा काम, हय? रेती मोजतंस?" तो हसला. दात कमी झाले होते. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

त्याने मला विचारलं, उघाडीच्या फळ्या बदलल्या का. मी सांगितलं, बदलल्या. कुठलं लाकूड घातलं? मी म्हणालो, माहीत नाही. "फणसाचा व्हया," तो म्हणाला. "आंब्याचा घातल्यानी तर दोन वर्सात कुसतला. सांग त्यांका." मी म्हणालो, सांगतो. मग त्याने माशांचं सांगितलं, जावयाचं सांगितलं, नातू समुद्राला भितो ते सांगून हसला. माझा हात पिशवीत होता. नकाशाच्या गुंडाळीवर बोटं होती.

जेवायला थांब म्हणाला. मी गाडीचं निमित्त सांगितलं. रस्त्यापर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत दोघे उभे होतो, तेव्हा त्याने विचारलं. फारसा जोर न देता, जाळ्याच्या गाठीबद्दल विचारावं तसं.

"एक सांग. तुका खरोखरच वाटला, मी पट्टो खाल्लंय?"

गाडी दिसत होती वळणावर. मी म्हणालो, "ते आता कशाला काढतोस."

तो म्हणाला, "बरा." आणि माझी पिशवी उचलून गाडीत वर दिली.

तो गेला त्यानंतर दोन पावसाळ्यांनी. मी त्याच्या तेराव्याला गेलो नाही. गेलो असतो तर कुणाला सांगणार होतो? वयनी अजून आहेत, मुलीकडेच. त्यांच्यासमोर उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही, आणि हे लिहूनही ते आलेलं नाही. शेत तसंच पडीक आहे. पट्टा सामाईकात आहे.

जाताना वेंगुर्ल्याच्या गाडीत मी वाक्य जुळवून ठेवलं होतं. कचेरीच्या मराठीत ते जमेना, म्हणून आमच्या बोलीत जुळवलं होतं, आणि सबंध वाटेत ओठांत घोळवलं होतं. ते असं होतं: "तू पट्टो खाल्लंस नाय. तुजा शेत बेचाळीस गुंठेच होता. मोजूक चुकलंय मी, आणि कळल्यार गप रवलंय तो मीच. माका माफ कर."